विश्लेषण : पुरळ नाही, तरी खाज… विश्रांतीनंतरही थकवा! यकृताचे दोन ऑटोइम्यून आजार कसे ओळखतात?

रात्री अंथरुणाला पाठ टेकली, की तळहातांना आणि तळपायांना खाज सुटते. त्वचेवर पुरळ नाही, गजकर्ण नाही, घरात दुसऱ्या कुणालाही त्रास नाही. त्यात दिवसभर अंगात त्राण नसते आणि आठ तास झोपूनही सकाळी ताजेतवाने वाटत नाही. चाळिशी-पन्नाशीतील महिलांच्या अशा तक्रारींचे खापर बहुतेक वेळा रजोनिवृत्ती, रक्ताची कमतरता, थायरॉइड किंवा ‘टेन्शन’वर फुटते. अनेकदा ते बरोबरही असते. मात्र काही जणींमध्ये या दोन्ही तक्रारींचे मूळ यकृतात असते आणि त्याची पहिली खूण यकृताच्या साध्या रक्तचाचणीत दिसते. प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस म्हणजेच ‘पीबीसी’ आणि ऑटोइम्यून हेपेटायटिस म्हणजेच ‘एआयएच’ हे ते दोन आजार. ते कसे ओळखले जातात, अँटीबॉडी चाचण्यांचा अर्थ काय आणि औषधे इतकी वर्षे का घ्यावी लागतात, याविषयी…

दोन्ही आजारांत नेमके काय होते?

जंतूंशी लढणे हे शरीराच्या प्रतिकारशक्तीचे काम. ऑटोइम्यून आजारांत ती स्वतःच्याच पेशींना परके समजते. यकृताच्या बाबतीत हा हल्ला दोन वेगळ्या ठिकाणी होऊ शकतो. एआयएचमध्ये तो थेट यकृताच्या पेशींवर होतो. पीबीसीमध्ये तो यकृताच्या आत पित्त वाहून नेणाऱ्या अतिशय बारीक नलिकांवर होतो. या नलिका हळूहळू नष्ट होतात, पित्त पुढे सरकत नाही आणि पित्ताबरोबर बाहेर पडायला हवे असलेले घटक रक्तात साठतात. पीबीसीतील खाज या साचलेपणाशी जोडलेली आहे.

दोन्ही आजार प्रामुख्याने महिलांना होतात. पीबीसीच्या दर १० रुग्णांमध्ये साधारण ९ महिला असतात आणि निदान बहुधा चाळिशीनंतर होते. एआयएच मात्र लहान मुलांपासून वृद्धांपर्यंत कोणत्याही वयात होऊ शकतो. दोन्ही आजार संसर्गजन्य नाहीत आणि दारू हे त्यांचे कारण नाही. पीबीसीचे जुने नाव ‘प्रायमरी बिलिअरी सिरॉसिस’ होते. सिरॉसिस म्हटले की दारूचा संशय येतो, शिवाय बहुतेक रुग्णांना निदानाच्या वेळी सिरॉसिस झालेलाच नसतो. त्यामुळे रुग्ण संघटनांच्या आग्रहानंतर २०१५ मध्ये हे नाव बदलण्यात आले.

यकृतामुळे सुटणारी खाज वेगळी कशी?

ही खाज संध्याकाळनंतर वाढते आणि रात्री झोपमोड करते. तळहात आणि तळपाय ही तिची नेहमीची ठिकाणे. उकाड्यात किंवा लोकरीचे कपडे अंगाला लागल्यावर ती वाढते. त्वचेवर मूळचे पुरळ नसते. दिसतात ते फक्त खाजवल्याचे ओरखडे. ॲलर्जीच्या गोळीने झोप लागते, पण खाज फारशी कमी होत नाही. खरजेची खाजही रात्रीच वाढते, मात्र तिच्यात बोटांच्या बेचक्यांत बारीक पुळ्या दिसतात आणि घरातील इतरांनाही त्रास होतो.

खाज तीव्र आहे म्हणून यकृत जास्त खराब झाले, असा अर्थ होत नाही. थकव्याचेही तेच. पीबीसीत यकृत बऱ्यापैकी चांगले असतानाही गळून गेल्यासारखे वाटू शकते, तर कुणाला आजार बळावल्यावरही फारसा थकवा नसतो. त्यामुळे लक्षणांच्या तीव्रतेवरून आजाराचे मोजमाप करता येत नाही. ते रक्ताच्या अहवालावरूनच करावे लागते.

साध्या ‘एलएफटी’ अहवालात काय पाहायचे?

लिव्हर फंक्शन टेस्ट म्हणजेच ‘एलएफटी’च्या अहवालात बहुतेकांची नजर बिलिरुबिनवर जाते. ते नॉर्मल, म्हणजे कावीळ नाही, म्हणजे यकृत ठीक असा निष्कर्ष काढला जातो. पीबीसीमध्ये इथेच चूक होते. या आजारात बिलिरुबिन बरीच वर्षे नॉर्मल राहते आणि वाढते तेव्हा आजार खूप पुढे गेलेला असतो. आधी वाढते ते अल्कलाइन फॉस्फेटेज म्हणजे ‘एएलपी’. पित्ताचा प्रवाह अडला की हे एन्झाइम रक्तात वाढते.

अर्थात, एएलपी हाडांमधूनही येते. ‘ड’ जीवनसत्त्वाची तीव्र कमतरता किंवा हाडांचा आजार असला तरी ते वाढते. स्रोत कोणता हे ठरवण्यासाठी ‘जीजीटी’ ही स्वस्त चाचणी पुरते. एएलपीबरोबर जीजीटीही वाढलेले असेल, तर बोट यकृताकडे जाते.

एआयएचचा नमुना वेगळा असतो. त्यात यकृताच्या पेशीच फुटत असल्याने एसजीपीटी आणि एसजीओटी हे आकडे वाढतात, कधी कधी हजाराच्याही वर जातात. याच अहवालात आणखी एक दुर्लक्षित खूण असते. टोटल प्रोटीनमधून अल्ब्युमिन वजा केले की उरते ते ग्लोब्युलिन. समजा, टोटल प्रोटीन ८.६ आणि अल्ब्युमिन ३.४ असेल, तर ग्लोब्युलिन ५.२ होते. ते साधारण ३.५ पर्यंत असायला हवे. प्रतिकारशक्ती अँटीबॉडी तयार करण्यात गुंतलेली असल्याचा हा पुरावा असू शकतो. मग ‘आयजीजी’ ही नेमकी चाचणी केली जाते. एआयएचच्या बहुतेक रुग्णांत आयजीजी वाढलेले असते.

सोनोग्राफी नॉर्मल असूनही आजार असू शकतो?

असू शकतो. सोनोग्राफीत मोठ्या पित्तनलिका दिसतात. खडा किंवा गाठ यामुळे त्या अडल्या आहेत का, हे तपासण्यासाठी ती आवश्यक असते. पीबीसी ज्या नलिकांत होतो त्या मात्र सूक्ष्मदर्शकाखालीच दिसण्याइतक्या बारीक असतात. त्यामुळे ‘एएलपी वाढलेले आणि सोनोग्राफी नॉर्मल’ ही जोडी दिलासा देणारी नसून पुढच्या चाचणीची गरज सांगणारी असते. पुढची चाचणी म्हणजे ‘एएमए’.

‘एएमए’ आणि ‘एएनए’ यांचा अर्थ कसा लावायचा?

पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातील एका प्रथिनाविरुद्ध तयार झालेली अँटीबॉडी म्हणजे अँटी-मायटोकॉन्ड्रियल अँटीबॉडी अर्थात ‘एएमए’. पारंपरिक पद्धतीत उंदीर किंवा घुशीच्या मूत्रपिंड, यकृत आणि जठराच्या पातळ कापांवर रुग्णाच्या रक्ताचा द्रव टाकतात आणि विशिष्ट प्रकाशात काय चमकते ते पाहतात. एएमए असेल तर मूत्रपिंडाच्या नलिका उजळतात. अनेक प्रयोगशाळा आता ‘एएमए-एम२’ ही थेट त्या प्रथिनाविरुद्धची चाचणी करतात.

पीबीसीच्या ९० ते ९५ टक्के रुग्णांमध्ये एएमए सापडते. दीर्घकाळ वाढलेले एएलपी आणि एएमए पॉझिटिव्ह हे दोन्ही असले आणि दुसरे कारण नसले, तर निदान पक्के होते. त्यासाठी बहुतेकदा बायोप्सी लागत नाही. एएमए निगेटिव्ह असेल तर ‘एसपी१००’ आणि ‘जीपी२१०’ या दोन अँटीबॉडी तपासतात. त्याही नसतील, तर बायोप्सीचा निर्णय घ्यावा लागतो.

मात्र एएमएचा आकडा म्हणजे आजाराची तीव्रता नव्हे. १:४० असो वा १:६४०, त्यावरून यकृताची अवस्था कळत नाही आणि उपचारांनी तो आकडा उतरावा अशी अपेक्षाही नसते. त्यामुळे ही महागडी चाचणी दर सहा महिन्यांनी करण्यात अर्थ नसतो. उलट, एएमए पॉझिटिव्ह पण एएलपी नॉर्मल असेल, तर लगेच उपचार लागत नाहीत. फ्रान्समधील एका अभ्यासात अशा व्यक्तींपैकी साधारण सहापैकी एकाला पाच वर्षांत पीबीसी झाल्याचे आढळले. म्हणून त्यांनी वर्षातून एकदा एलएफटी करणे पुरेसे असते.

एएनएबाबत गैरसमज जास्त आहेत. ही अँटीबॉडी एआयएचमध्ये सापडते, पण निरोगी माणसांतही सापडते. एका आंतरराष्ट्रीय पाहणीत निरोगी व्यक्तींपैकी सुमारे १३ टक्के जणांची एएनए १:८० या पातळीला पॉझिटिव्ह आली होती. त्यामुळे केवळ ‘एएनए पॉझिटिव्ह’ असा शेरा पाहून घाबरायचे कारण नाही आणि केवळ त्यावरून एआयएचचे निदानही होत नाही. त्यासाठी चार गोष्टी एकत्र पाहतात : एएनए, एएसएमए किंवा एलकेएम यांसारख्या अँटीबॉडी, आयजीजीची पातळी, बायोप्सीचा अहवाल आणि हेपेटायटिसचे विषाणू नसल्याची खात्री. एआयएचमध्ये बायोप्सी टाळण्याकडे रुग्णांचा कल असतो. मात्र वर्षानुवर्षे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सुरू करण्यापूर्वी ती करावी, असा सर्वसाधारण वैद्यकीय शिरस्ता आहे. काही रुग्णांत दोन्ही आजारांची लक्षणे एकत्र असतात, तेही बायोप्सीतूनच स्पष्ट होते.

गुळवेलीचा मुद्दा इथे का येतो?

कारण काही औषधे आणि वनस्पती हुबेहूब एआयएचसारखे चित्र उभे करतात. करोनाकाळात अनेक घरांत गुळवेलीचा काढा रोज घेतला जात होता. मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची माहिती वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्यात ऑटोइम्यून आजारासारखी लक्षणे दिसली होती. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षांवर आक्षेप घेतला होता. त्यानंतर देशातील १३ केंद्रांमधील ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यातही असेच चित्र दिसले. मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी दिली जाणारी नायट्रोफ्युरँटोइन आणि मुरुमांसाठीची मिनोसायक्लीन ही औषधेही असा त्रास देऊ शकतात.

औषधामुळे झालेली इजा ते औषध थांबवल्यावर बहुधा बरी होते आणि जन्मभर उपचार लागत नाहीत. म्हणून डॉक्टरांना सांगताना गेल्या सहा महिन्यांतील काढे, चूर्णे, जिमची पावडर, वजन कमी करण्याच्या गोळ्या असे सगळे सांगणे गरजेचे ठरते. ‘ते काही औषध नव्हे’ म्हणून गाळलेली गोष्टच कधी कधी कारण निघते.

पीबीसीच्या उपचारात डोसचे गणित कसे असते?

पहिले औषध अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड म्हणजेच ‘यूडीसीए’. हे मुळात अस्वलाच्या पित्तात आढळलेले पित्ताम्ल आहे. ‘अर्सस’ म्हणजे लॅटिनमध्ये अस्वल. आता ते कारखान्यातच तयार होते. त्याचा डोस वजनावर ठरतो : दर किलोमागे दिवसाला १३ ते १५ मिलिग्रॅम.

गणित कळण्यासाठी एक नमुना उदाहरण घेऊ. ५० वर्षांची, ६० किलो वजनाची महिला. दोन वर्षे रात्रीची खाज, त्वचेचे मलम आणि ॲलर्जीच्या गोळ्या घेऊन झालेल्या. अहवालात बिलिरुबिन ०.८ म्हणजे नॉर्मल, एसजीपीटी ६८ म्हणजे किंचित वाढलेले. पण एएलपी ३४२. प्रयोगशाळेची कमाल मर्यादा १२०, म्हणजे ते जवळपास तिप्पट आहे. जीजीटी वाढलेले, सोनोग्राफी नॉर्मल, एएमए-एम२ पॉझिटिव्ह. निदान पीबीसी. यूडीसीएची ३०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा सुरू झाली. सहा महिन्यांनी एएलपी २६० वर आले, म्हणजे अजूनही मर्यादेच्या दुपटीहून जास्त.

औषध निकामी ठरले, असे इथे वाटू शकते. मात्र ६०० भागिले ६० केले तर डोस किलोमागे फक्त १० मिलिग्रॅम पडतो. तिला हवा होता ७८० ते ९०० मिलिग्रॅम, म्हणजे तीच गोळी दिवसातून तीनदा. डोस ९०० झाल्यावर वर्षभराने एएलपी १६८ वर आले, म्हणजे मर्यादेच्या १.४ पट. औषध तेच होते, फक्त आधी ते अपुरे पडत होते. वजन वाढले की डोसही पुन्हा तपासावा लागतो.

वर्षभरानंतरचा हा आकडा महत्त्वाचा मानला जातो. जगभरातील ४,८४५ रुग्णांच्या माहितीच्या २०१४ मधील विश्लेषणात एक वर्षानंतर एएलपी मर्यादेच्या दुपटीच्या आत असलेल्यांपैकी ८४ टक्के जण पुढील १० वर्षे यकृत प्रत्यारोपणाशिवाय जगले. दुपटीच्या वर असलेल्यांमध्ये हे प्रमाण ६२ टक्के होते. बिलिरुबिन नॉर्मल असेल तर चित्र आणखी चांगले असते. योग्य डोसनेही आकडे उतरले नाहीत, तर बेझाफायब्रेटसारखी जोड औषधे विचारात घेतली जातात. अमेरिकेत २०२४ मध्ये एलाफिब्रेनॉर आणि सेलाडेलपार या दोन नव्या औषधांना मंजुरी मिळाली.

मग खाज आणि थकवा थांबतो का?

इथे अनेक रुग्णांचा अपेक्षाभंग होतो. यूडीसीए आजाराची वाटचाल मंदावते. खाज आणि थकवा मात्र त्याने सहसा जात नाही. ‘फरक पडत नाही’ म्हणून गोळी सोडून देणाऱ्यांची इथेच गफलत होते. खाजेचे औषध वेगळे असते. सुरुवातीला कोलेस्टिरामिनची पूड पाण्यात मिसळून देतात. ती आतड्यात पित्ताम्लांना बांधून ठेवते, पण सोबत घेतलेल्या इतर गोळ्यांनाही बांधते. म्हणून यूडीसीए त्या पुडीच्या निदान एक तास आधी किंवा चार तास नंतर घ्यावी लागते. दोन्ही एकाच वेळी घेतल्या तर यूडीसीएचा उपयोग होत नाही. तरीही खाज थांबली नाही, तर रिफाम्पिसिन कमी मात्रेत दिले जाते. टीबीचे म्हणून परिचित असलेले हे औषध स्वतःच यकृताला त्रास देऊ शकते. त्यामुळे ते सुरू केल्यावर रक्ततपासणी टाळता येत नाही.

थकव्यावर नेमके औषध नाही. म्हणूनच थायरॉइड, हिमोग्लोबिन, झोप आणि नैराश्य ही थकव्याची दुसरी, उपचार होऊ शकणारी कारणे शोधणे महत्त्वाचे असते. थायरॉइडचा ऑटोइम्यून आजार पीबीसीबरोबर अनेकदा आढळतो. डोळे आणि तोंड कोरडे पडणे आणि हाडे ठिसूळ होणे हेही सोबत येऊ शकते.

एआयएचमध्ये बरे वाटल्यावर औषध का थांबवत नाहीत?

एआयएचचे उपचार वेगळ्या तत्त्वावर चालतात. प्रतिकारशक्तीचा हल्ला थांबवण्यासाठी प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिले जाते. त्याचा परिणाम किती होतो, हे लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमधील १९७१ च्या चाचणीत दिसले. स्टिरॉइड घेतलेल्या २२ रुग्णांपैकी ३ जण दगावले, तर न घेतलेल्या २७ पैकी १५ जण. ‘स्टिरॉइड’ या शब्दाची भीती असली, तरी या आजारात उपचार टाळणे त्याहून धोक्याचे ठरते.

मात्र जास्त डोस कायम ठेवला जात नाही. साधारण दोन आठवड्यांनी ॲझाथायोप्रिन जोडतात आणि स्टिरॉइड टप्प्याटप्प्याने उतरवतात. त्याआधी हेपेटायटिस बी तपासला जातो, कारण प्रतिकारशक्ती दाबली की शरीरात दडलेला हा विषाणू उसळू शकतो. ॲझाथायोप्रिनमुळे काहींच्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटतात. ‘टीपीएमटी’ आणि ‘एनयूडीटी१५’ या जनुकांतील फरकामुळे हे घडते. यातील दुसरा फरक भारतीयांसह आशियाई लोकांत अधिक आढळतो. म्हणून जनुक चाचणी केली जाते आणि ती केली असो वा नसो, सुरुवातीच्या काळात वरचेवर सीबीसी करतात. अचानक ताप येणे किंवा केस झपाट्याने गळणे ही लगेच सीबीसी करण्याची खूण असते.

काही आठवड्यांत भूक परतते, एसजीपीटी उतरू लागते आणि रुग्णाला आजार संपल्यासारखे वाटते. सूज मात्र त्यानंतरही यकृतात बराच काळ रेंगाळते. म्हणून एसजीपीटी आणि आयजीजी दोन्ही नॉर्मल होणे हे उद्दिष्ट असते आणि ते किमान दोन वर्षे सलग नॉर्मल राहिल्याशिवाय औषध थांबवण्याचा विचार केला जात नाही. त्यानंतर थांबवले तरी निम्म्याहून अधिक रुग्णांत आजार उलटतो. त्यामुळे अनेकांना कमी मात्रेतील गोळी कायम घ्यावी लागते. स्टिरॉइड तर एका दिवसात बंद करणे धोक्याचेच. बाहेरून मिळणाऱ्या स्टिरॉइडमुळे शरीराने स्वतःचे उत्पादन कमी केलेले असते आणि ते अचानक तोडल्यास रक्तदाब कोसळू शकतो.

तरुण रुग्णांसाठी आणखी एक सूचना असते. दिवस राहिले म्हणून परस्पर औषध सोडल्यास आजार भडकू शकतो. गरोदरपणात ॲझाथायोप्रिन साधारणपणे सुरू ठेवले जाते. पर्यायी औषध मायकोफेनोलेट मात्र गर्भाला घातक असल्याने ते गर्भधारणेच्या आधीच बदलावे लागते.

पुढची वर्षे कशावर लक्ष ठेवायचे?

आकडे स्थिर झाल्यावर दर तीन ते सहा महिन्यांनी एलएफटी, एआयएचमध्ये त्यासोबत आयजीजी आणि सीबीसी, ठरावीक काळाने फायब्रोस्कॅन आणि हाडांची घनता मोजणारी चाचणी असा क्रम असतो. सिरॉसिस झालेला असेल तर यकृताच्या कर्करोगासाठी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करतात. शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासणी करावी आणि अहवाल तारखेनुसार एका फाइलमध्ये ठेवावेत. कारण प्रत्येक ठिकाणची कमाल मर्यादा वेगळी असते आणि ‘१६८’ हा आकडा त्या मर्यादेशिवाय निरर्थक ठरतो.

डोळे पिवळे होणे, पोटात पाणी साठून ते फुगणे, काळी शौच किंवा रक्ताची उलटी, झोपेचे चक्र उलटणे आणि बोलण्यात गोंधळ दिसणे यांपैकी काहीही झाले, तर पुढच्या ठरलेल्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जावे लागते.